पावडर, कॅप्सूल की गमी? क्रिएटिन घेण्याआधी हे साधं गणित करून बघा

मोबाईलवर एक रील येते. पिळदार दंडाचा एक गडी तोंडात दोन रंगीत गमी टाकतो आणि सांगतो, "पावडरची कटकट संपली." पुढच्या रीलमध्ये दुसरा कॅप्सूलची बाटली हलवत असतो. तिसरा म्हणतो, पावडरशिवाय काही खरं नाही. बघणारा बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्यात बसलेला असतो, खिशात महिन्याला ठरलेले पैसे असतात आणि डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. त्याला एवढंच कळायला हवं असतं, की यातलं घ्यायचं काय?

उत्तर तसं सोपं आहे, पण ते डब्याच्या पुढच्या बाजूला लिहिलेलं नसतं. ते डबा उलटा करून शोधावं लागतं. तेच कसं शोधायचं, ते पाहूया.

आधी क्रिएटिन म्हणजे काय ते थोडक्यात

क्रिएटिन हे स्टेरॉईड नाही. आपलं शरीर ते रोज थोडं थोडं तयार करतं आणि मटण, मासे यांतूनही ते मिळतं. शरीरातलं बहुतेक क्रिएटिन स्नायूंमध्ये साठवलेलं असतं. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत हा साठा साधारणपणे कमी असतो.

त्याचा उपयोग होतो तो झटक्याच्या ताकदीला. जोरात पळायला सुरुवात केली किंवा जड वजन उचललं की पहिल्या काही सेकंदांत स्नायूंना लागणारी ऊर्जा पटकन भरून देण्याचं काम क्रिएटिन करतं.

आता हे भरतीच्या मैदानावर लावून बघा. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांची शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. यातल्या १०० मीटर आणि गोळाफेकीच्या सरावात क्रिएटिनचा फायदा होऊ शकतो. पाच-सहा मिनिटं चालणाऱ्या १६०० मीटरमध्ये त्याचा हातभार फारसा नसतो. उलट क्रिएटिनमुळे स्नायूंत पाणी साठतं आणि वजन एक-दोन किलोंनी वाढू शकतं. त्यामुळे चाचणीच्या आदल्या आठवड्यात पहिल्यांदा सुरू करणं हा चुकीचा मुहूर्त.

रोज किती लागतं?

प्रौढ माणसासाठी रोज ३ ते ५ ग्रॅम हे सर्वसाधारण प्रमाण मानलं जातं. भारतात मिळणाऱ्या अनेक डब्यांवर एका वेळचं प्रमाण ३ ग्रॅम छापलेलं दिसतं. आपणही पुढचं सगळं गणित ३ ग्रॅम धरून करू.

काही जण पहिला आठवडा रोज २० ग्रॅम घ्यायला सांगतात. त्याला लोडिंग म्हणतात. पण ते सक्तीचं नाही. १९९६ मध्ये हुल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात सहा दिवस रोज २० ग्रॅम घेणाऱ्यांच्या आणि २८ दिवस रोज ३ ग्रॅम घेणाऱ्यांच्या स्नायूंतला साठा शेवटी जवळपास सारखाच वाढलेला दिसला. फरक फक्त वेळेचा. लोडिंगमध्ये काहींचं पोट बिघडतं ते वेगळंच.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. क्रिएटिन हे डोकेदुखीच्या गोळीसारखं त्या दिवसापुरतं काम करत नाही. साठा हळूहळू भरतो. म्हणून एखाद्या दिवशी अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झालं तर काही बिघडत नाही. पण महिनाभर रोज ३ ग्रॅम समजून प्रत्यक्षात १ ग्रॅमच पोटात जात असेल, तर मात्र पैसे गेले आणि साठाही भरला नाही. गमी आणि कॅप्सूलच्या बाबतीत खरी अडचण इथेच आहे.

डब्याची किंमत बघू नका, ग्रॅमची किंमत काढा

दुकानात तीन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत असं समजा. खालच्या किमती फक्त गणित समजण्यासाठी घेतल्या आहेत. तुम्ही तुमच्या समोरच्या डब्यावरचे आकडे टाका.

पावडरचा २५० ग्रॅमचा डबा, किंमत ७५० रुपये. पावडरमध्ये दुसरं काही मिसळलेलं नाही. ७५० भागिले २५०, म्हणजे ग्रॅमला ३ रुपये. रोजचे ३ ग्रॅम म्हणजे ९ रुपये. महिन्याला २७० रुपये.

कॅप्सूलची बाटली, आत ९० कॅप्सूल, किंमत ६७५ रुपये. बाटली पावडरपेक्षा स्वस्त दिसते. पण एका कॅप्सूलमध्ये क्रिएटिन आहे ७५० मिलीग्रॅम, म्हणजे पाऊण ग्रॅम. ९० कॅप्सूलमध्ये मिळून साडेसदुसष्ट ग्रॅम. म्हणजे ग्रॅमला १० रुपये. ३ ग्रॅमसाठी रोज ४ कॅप्सूल लागतील, खर्च ३० रुपये आणि बाटली साडेबावीस दिवसांत रिकामी. महिन्याला ९०० रुपये.

गमीची बाटली, आत ६० गमी, किंमत ९०० रुपये. एका गमीत १ ग्रॅम क्रिएटिन असल्याचा दावा. म्हणजे ग्रॅमला १५ रुपये. रोज ३ गमी, रोजचे ४५ रुपये, बाटली २० दिवसांची. महिन्याला १३५० रुपये.

बाटलीची किंमत बघितली तर तिन्ही जवळपास एकाच रांगेत होत्या, ६७५ पासून ९०० पर्यंत. ग्रॅमची किंमत काढल्यावर गमी पावडरच्या पाचपट निघाली. वर्षभराचा हिशोब केला तर पावडरचे ३,२८५ रुपये आणि गमीचे १६,४२५ रुपये. मधल्या फरकात भरतीचे बूट, अंडी, दूध आणि अभ्यासाची पुस्तकं बऱ्यापैकी निघतील.

सूत्र एवढंच आहे. किंमत भागिले बाटलीतलं एकूण क्रिएटिन. "किती कॅप्सूल" किंवा "किती गमी" या आकड्याला त्यात काही अर्थ नाही.

सर्व्हिंग या शब्दावर नजर ठेवा

कॅप्सूलच्या बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरात १५०० मिलीग्रॅम लिहिलेलं असतं. आपल्याला वाटतं एका कॅप्सूलमध्ये तेवढं आहे. मागच्या तक्त्यात बारीक अक्षरात असतं, एक सर्व्हिंग म्हणजे २ कॅप्सूल. म्हणजे एकीत ७५०.

हे ओळखायला सोपी खूण आहे. बाजारातल्या मोठ्यात मोठ्या नेहमीच्या कॅप्सूलमध्येही क्रिएटिनची पावडर साधारण पाऊण ग्रॅमच्या आसपासच मावते. त्याहून लहान कॅप्सूलमध्ये अर्धा ग्रॅमच्या आतबाहेर. त्यामुळे "एका कॅप्सूलमध्ये ३ ग्रॅम" असं कुणी सांगितलं तर ते त्या टोपणात मावणारच नाही. ३ ग्रॅमसाठी चार ते सहा कॅप्सूल गिळाव्या लागतात हे धरूनच चाला.

काही कॅप्सूलमध्ये मोनोहायड्रेटऐवजी क्रिएटिन एचसीएल असतं. "कमी डोसमध्ये जास्त काम" असं म्हणून ते महाग विकतात. पण सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो साध्या क्रिएटिन मोनोहायड्रेटवर आणि दुसरा कुठला प्रकार त्यापेक्षा सरस असल्याचं पक्कं सिद्ध झालेलं नाही. घटकांच्या यादीत "क्रिएटिन मोनोहायड्रेट" हे दोन शब्द आणि त्यापुढे स्पष्ट आकडा हवा. नुसतं "क्रिएटिन ब्लेंड" लिहून प्रत्येक घटकाचं प्रमाण लपवलं असेल तर बाटली परत ठेवा.

गमीतच गडबड का होते?

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये गेल्या काही वर्षांत विकत घेतलेल्या गमी प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या, तेव्हा काही ब्रँडच्या गमींत लेबलवर लिहिलं होतं त्यापेक्षा खूपच कमी क्रिएटिन निघालं. काहींत तर जवळपास नव्हतंच. सगळ्याच कंपन्या फसवतात असा याचा अर्थ नाही. काही गमी चाचणीत पासही झाल्या. पण गमीमध्ये क्रिएटिन टिकवणं मुळातच अवघड आहे.

कारण रसायनशास्त्रातलं आहे, पण समजायला सोपं. कोरडं क्रिएटिन अतिशय टिकाऊ असतं. पाण्यात मिसळलं, त्यात आंबटपणा आला आणि वर उष्णता मिळाली की ते हळूहळू क्रिएटिनिनमध्ये बदलतं आणि क्रिएटिनिनचा स्नायूंना उपयोग नाही. २५ अंश तापमानाला चांगल्याच आंबट द्रावणात, म्हणजे पीएच ३.५ असताना, तीन दिवसांत साधारण २१ टक्के क्रिएटिन असं वाया जातं. द्रावण कमी आंबट असेल, पीएच ५.५, तर तेवढ्याच वेळात फक्त ४ टक्के.

आता गमी कशी बनते ते आठवा. साखरेचा पाक गरम करायचा, त्यात पेक्टिन किंवा जिलेटिन घालायचं, चवीसाठी सायट्रिक आम्ल टाकायचं आणि साच्यात ओतायचं. पाणी, आंबटपणा, उष्णता. नेमक्या त्याच तीन गोष्टी. तयार गमीत पाणी कमी असल्यामुळे द्रावणाइतकी घाईने नासाडी होत नाही. पण गमी बाटलीत तीन दिवस नाही, कित्येक महिने बसते. शिवाय क्रिएटिनचे कण पाकात नीट पसरले नाहीत तर एका गमीत जास्त आणि दुसरीत कमी असंही होतं.

त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात विदर्भात पारा चाळिशीपार जातो. पार्सल गोदामात, मग ट्रकमध्ये, मग डिलिव्हरीवाल्याच्या पिशवीत फिरून येतं. बाटली उघडल्यावर सगळ्या गमींचा मिळून एकच गोळा झालेला असेल, तर ती तापली होती हे उघड आहे. शिवाय मग "रोज ३ गमी" मोजायच्या तरी कशा?

घरबसल्या गमीचं लेबल तपासा

प्रयोगशाळा नसली तरी बेरीज करता येते. भारतात पोषणतक्त्यात दर १०० ग्रॅममागे काय आहे ते दिलेलं असतं.

समजा एका गमीचं वजन ३ ग्रॅम आहे आणि त्यात १ ग्रॅम क्रिएटिन असल्याचा दावा आहे. म्हणजे १०० ग्रॅम गमीत साधारण ३३ ग्रॅम क्रिएटिन. आता तक्त्यात साखर बघा. ती दर १०० ग्रॅमला ६० ग्रॅम लिहिली असेल, तर दोन्ही मिळून झाले ९३. उरले ७ ग्रॅम. गमीत सहसा १५ ते २० टक्के पाणीच असतं. त्यात पेक्टिन, आम्ल, रंग, चव हे सगळं अजून धरलेलंच नाही. ते ७ ग्रॅममध्ये कसं बसणार? म्हणजे तक्त्यातला कुठला तरी आकडा खरा नाही.

बेरीज जुळली म्हणजे गमी चांगली हे मात्र सिद्ध होत नाही. तिच्यातून फक्त उघड खोटं पकडता येतं.

त्यापुढची पायरी म्हणजे त्रयस्थ प्रयोगशाळेचा रिपोर्ट. बरेच ब्रँड वेबसाईटवर किंवा क्यूआर कोडमागे तो देतात. तो उघडला की तीन गोष्टी बघा. रिपोर्टवरचा बॅच नंबर तुमच्या बाटलीवरच्या बॅचशी जुळतो का? तपासणी तयार गमीची केली आहे, की कारखान्यात आलेल्या कच्च्या पावडरची? आणि क्रिएटिनसोबत क्रिएटिनिनचा आकडा दिलाय का? कच्ची पावडर शुद्ध होती एवढ्यावर गमीबद्दल काहीच कळत नाही, कारण नुकसान होतं ते पुढे, पाकात.

पावडरमध्ये चूक होते ती आपल्या हाताने

पावडरमध्ये फसवणूक होतच नाही असं नाही. जिममध्ये सुटी विकली जाणारी, पुडीत बांधून दिलेली पावडर घेऊच नका. पण सीलबंद, बिनचवीच्या पावडरमध्ये डोस चुकतो तो बहुतेक वेळा चमच्यामुळे. चमचा वजन मोजत नाही, जागा मोजतो. डबा हलून पावडर दबली की त्याच चमच्यात जास्त बसते. शिगोशीग भरला तर आणखी जास्त.

ज्याच्याकडे दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा आहे त्याने एकदा सपाट चमचा तोलून बघावा. काटा नसेल तर कॅलेंडर पुरतं. २५० ग्रॅमचा डबा रोज ३ ग्रॅमने ८३ दिवस जायला हवा. तो ६० दिवसांत संपला, तर तुम्ही रोज सव्वाचार ग्रॅमच्या आसपास घेत होतात. १२० दिवस पुरला, तर फक्त २ ग्रॅम. डबा उघडला ती तारीख झाकणावर लिहून ठेवा, बास.

पावडर नीट विरघळत नाही म्हणून ती भेसळीची, असंही लगेच समजू नका. क्रिएटिन पाण्यात कमीच विरघळतं. साध्या तापमानाला १ लिटर पाण्यात साधारण १४ ग्रॅम. म्हणजे ३ ग्रॅमला एक मोठा पेला पाणी लागतं. फ्रीजच्या थंड पाण्यात तळाला साका राहणारच. कोमट पाणी घ्या, ढवळा आणि तळाशी राहिलं तर थोडं पाणी घालून तेही पिऊन टाका. संशय घ्यायचा तो गोडसर लागल्यावर. बिनचवीचं क्रिएटिन गोड नसतं. गोड लागत असेल तर डेक्स्ट्रोजसारखं काहीतरी मिसळलेलं असू शकतं.

लिंबू सरबतातून किंवा चहातून घेतलं तरी चालतं, फक्त लगेच प्या. सकाळी बाटलीत कालवून संध्याकाळी मैदानावर प्यायची सवय चांगली नाही. त्याऐवजी कोरडी पावडर छोट्या डबीत न्या आणि तिथे पाणी घाला.

सोयीचं काय?

इथे गमी आणि कॅप्सूलला श्रेय द्यायलाच हवं. कॅप्सूल प्रवासात बरी. सांडत नाही, चमचा लागत नाही, चव येत नाही. चार-पाच दिवसांसाठी भरतीला दुसऱ्या जिल्ह्यात गेलात तर कॅप्सूलची छोटी बाटली कामाची. पण रोज चार कॅप्सूल गिळणं सगळ्यांना जमत नाही. बऱ्याच कॅप्सूलचं टोपण जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजन्य असतं. शाकाहारी असाल तर हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, ते बघा. गमीलाही हेच लागू.

गमीला पाणीही लागत नाही आणि चव चांगली असते. पण तोच तोटाही आहे. घरातली लहान मुलं ती चॉकलेट समजून खातात. ज्यांना मधुमेह आहे त्यांना रोजची जास्तीची साखर परवडत नाही. आणि कुणी लोडिंग करायला निघालं तर २० ग्रॅमसाठी दिवसाला २० गमी!

पावडरला पेला आणि चमचा लागतो, एवढीच तिची गैरसोय. पावसाळ्यात ओल लागून गुठळ्या होतात. कोरडी गुठळी फोडून वापरता येते. ओला चमचा डब्यात घालू नका आणि झाकण घट्ट लावा.

घेण्याआधी एक तपासणी

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला संग्रामपूर, जळगाव जामोद भागात खारपाणपट्टा आहे आणि तिथल्या किडनीच्या आजारांच्या बातम्या अनेक वर्षांपासून येत आहेत. साखरखेर्डा त्या पट्ट्यात येत नाही. पण नातेवाईक आणि मित्र तिकडे असतात, म्हणून हे सांगायला हवं. निरोगी प्रौढांमध्ये शिफारस केलेल्या प्रमाणात घेतलेल्या क्रिएटिनने किडनी खराब होत असल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. मात्र आधीच किडनीचा त्रास असलेल्यांनी ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. बीपी किंवा मधुमेह असेल, वय १८ च्या आत असेल, गर्भवती किंवा स्तनदा माता असाल, तरीही आधी डॉक्टरांना विचारा.

आणखी एक गोंधळ टाळा. क्रिएटिन घेत असताना रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं. ते पाहून तुम्ही घाबराल किंवा डॉक्टरांचाही चुकीचा अंदाज होईल. म्हणून सुरू करण्याआधी एकदा तपासणी करून आकडा लिहून ठेवा आणि पुढे कधी रक्त तपासायला गेलात तर क्रिएटिन घेतोय हे आधीच सांगा.

मग काय घ्यायचं?

रोज घरी घ्यायचं असेल आणि पैसे मोजून वापरायचे असतील तर बिनचवीची, सीलबंद क्रिएटिन मोनोहायड्रेट पावडर. प्रवासापुरती कॅप्सूल, तीही प्रत्येक कॅप्सूलमध्ये किती मिलीग्रॅम आहे ते वाचून. गमी घ्यायचीच असेल तर तुमच्या बॅचच्या तयार गमीचा रिपोर्ट सापडला तरच आणि उन्हाळ्यात तर शक्यतो नाहीच.

तिन्हींपैकी काहीही घेतलं तरी डब्यावर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक हवा. तो foscos.fssai.gov.in वर टाकून परवाना कुणाच्या नावावर आहे ते बघता येतं. गोष्ट संशयास्पद वाटली तर बिल आणि डबा फेकू नका. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करता येते. अन्नसुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० प्रमाणे शुल्क भरून घेतलेला माल तपासून घेण्याचा हक्क ग्राहकालाही आहे. त्यासाठी मात्र खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं.